एकच वायर, तीन भाव : स्टॉकचा हिशोब करताना कुठला रेट लावायचा?

दरवर्षी मार्च आला की आमच्याकडे फोन सुरू होतात, "अहो स्टॉक किती दाखवायचा?" आणि आम्ही उलट विचारतो की स्टॉक किती किलो आहे ते सांगा, भाव आपण ठरवू, तर समोरून उत्तर येतं की भाव तर बिलावर आहेच ना. बिलावर आहे हो, पण बिलं तीन आहेत आणि तिन्हीवर वेगळा भाव आहे, सगळी गंमत तिथंच आहे. म्हणून हे पत्रक.

उदाहरण मोटर वाइंडिंगच्या वर्कशॉपचं घेतोय, कारण आमचे बरेच ग्राहक त्या लाइनचे आहेत आणि तांब्याचा भाव काय करतो ते त्यांना सांगायला नको. आकडे सोपे जावेत म्हणून आम्हीच बनवलेत. १ एप्रिलला स्टोअरमध्ये १०० किलो वायर शिल्लक आहे, ८०० रुपये किलोची. १० तारखेला २०० किलो आली ८३० ने. १५ ला १५० किलो कामावर दिली. २० ला अजून १०० किलो घेतली, तोवर भाव ८८० झालेला. २६ ला परत १५० किलो दिली. महिनाअखेर शिल्लक १०० किलो, आणि सुरुवातीची शिल्लक धरून एकूण माल ३,३४,००० रुपयांचा. हे ३,३४,००० लक्षात ठेवा, कारण फिफो, लिफो आणि वेटेड अ‍ॅव्हरेज या भाव लावायच्या तिन्ही पद्धतींत रक्कम हीच आहे, फक्त किती खर्चात गेली आणि किती स्टॉकमध्ये राहिली एवढाच फरक पडतो.

आधी फिफो, म्हणजे जो माल आधी आला त्याचा भाव आधी संपवायचा. १५ तारखेच्या १५० किलोत जुनी १०० किलो ८०० ने आणि वरची ५० किलो ८३० ने, झाले १,२१,५००. २६ तारखेची सगळी १५० किलो ८३० ने, म्हणजे १,२४,५००. दोन्ही मिळून खर्च २,४६,०००, आणि शिल्लक १०० किलो सगळ्यात ताज्या भावाची, ८८० ने ८८,०००.

लिफोमध्ये बरोब्बर उलटं, शेवटी आलेल्या मालाचा भाव आधी. १५ ला १५० किलो ८३० ने, म्हणजे १,२४,५००, आणि २६ ला नवीन आलेली १०० किलो ८८० ने अधिक ८३० वाली उरलेली ५० किलो, मिळून १,२९,५००. खर्च २,५४,००० आणि शिल्लक राहिली ती पहिली जुनी १०० किलो, ८०० ने ८०,०००.

वेटेड अ‍ॅव्हरेजमध्ये प्रत्येक खरेदीनंतर नवा सरासरी भाव काढायचा. १० तारखेला ३०० किलो माल २,४६,००० चा, भाव ८२०. त्या भावाने १५० किलो गेली १,२३,००० ला, उरली तेवढीच. २० ला ८८,००० ची भर पडली, आता २५० किलो २,११,००० ची, भाव ८४४. त्याने १५० किलो गेली १,२६,६०० ला. शिल्लक १०० किलो ८४,४००.

इथे एक चूक इतक्यांदा बघितलीये की सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोक ८०० आणि ८३० ची बेरीज करून दोनने भागतात आणि ८१५ लावतात, पण एक माल १०० किलो आहे आणि दुसरा २०० किलो, दोघांना सारखं वजन कसं देणार? ८१५ ने १५० किलो काढली तर १,२२,२५० जातात आणि मागे उरलेल्या १५० किलोवर १,२३,७५० राहतात, म्हणजे आपसूक ८२५ चा भाव. एकाच दिवशी एकाच मालाचा गेलेला भाव ८१५ आणि राहिलेला ८२५! वहीत असं दिसलं की समजायचं भाव साध्या सरासरीने काढलाय.

तर शिल्लक तीच १०० किलो आणि किंमत ८८,०००, ८४,४०० किंवा ८०,०००. आता महिन्याची विक्री ३,६०,००० आणि मजुरी, लाइट वगैरे ६०,००० धरा. फिफोने नफा ५४,०००, सरासरीने ५०,४००, लिफोने ४६,०००. भाव चढत असताना फिफोचा स्टॉक आणि नफा दोन्ही मोठे दिसतात, लिफोचे दोन्ही लहान, सरासरी मध्ये. भाव पडायला लागले की क्रम उलटतो. आणि नफ्यातला ८,००० चा फरक म्हणजे स्टॉकमधलाच ८,००० चा फरक, वेगळं काही नाही. हाच स्टॉक पुढच्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक होतो, त्यामुळे आत्ता जास्त दिसलेला नफा तो माल वापरला की तेवढाच कमी होतो. टॅक्स ३० टक्के धरला तर ८,००० वर २,४०० रुपये, ते आधी भरायचे की नंतर एवढाच प्रश्न.

मग लगेच कुणीतरी म्हणतं, लिफोच लावा की, टॅक्स कमी! नाही लावता येत. आपल्याकडच्या अकाउंटिंग स्टँडर्ड-२ मध्ये लिफो चालत नाही, आयकराच्या आयसीडीएस-२ मध्येही नाही, सर्वसाधारण मालाला फिफो किंवा वेटेड अ‍ॅव्हरेज यातलंच एक घ्यायचं. अमेरिकेत अजून चालतं, आणि तिथंही एक अडचण आहेच, की जुन्या भावाचा थर वर्षानुवर्षं तळाला पडून राहतो आणि एखाद्या वर्षी स्टॉक खूप खाली गेला की तो स्वस्त भाव एकदम खर्चात येऊन नफा विनाकारण फुगतो. टॅलीत `Costing Method` मध्ये `LIFO Annual` असा पर्याय दिसतो, तो दिसतोय म्हणून निवडू नका प्लीज. काही न बदलता ठेवलं तर तिथे `Avg. Cost` असतं, ते चालतं.

फिफोवाल्यांनी मात्र एक सांभाळायचं. समजा २६ तारखेच्या एका मोटरला १२ किलो वायर लागली, वहीत खर्च ८३० ने ९,९६०. पण तेवढीच वायर आज आणायला ८८० ने १०,५६० लागतील. वहीतला भाव बघून कोटेशन दिलं तर ६०० रुपये कुठे गेले ते कळणार पण नाही, नफा तर छान दिसत राहील. वहीला पद्धत काहीही असो, कोटेशन आजच्या बाजारभावानेच काढा.

बाकी स्टोअरमधला पोरगा वरचं रीळ उचलतो की खालचं, याचा या सगळ्याशी संबंध नाही, हा फक्त कागदावरचा क्रम आहे. पण एकदा धरलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवायची, नफा बघून फिफो-सरासरी अशी उडी मारायची नाही, खरंच बदलायचं कारण असेल तर बदल आणि त्याने पडलेला फरक हिशोबात लिहावा लागतो. आणि बँकेला कॅश क्रेडिटसाठी स्टॉक स्टेटमेंट देता तिथेही हीच पद्धत, नाहीतर बँकेत ८८,००० आणि ताळेबंदात ८४,४०० असं निघतं आणि मग उत्तरं देत बसायला लागतं.

३१ मार्चला आम्हाला काय पाठवायचं : प्रत्येक गेजची वायर वजन करून, शेवटच्या दोन-तीन खरेदी बिलांचे फोटो, आणि कामावरून परत आलेली वायर असेल तर ती कुठल्या चिठ्ठीने गेली होती तो नंबर, कारण ती ज्या भावाने गेली त्याच भावाने परत घ्यायची. वजनातून रिकाम्या रिळाचं वजन वजा करायला विसरू नका, मागे एकाकडे नुसत्या रिळांचेच ११ किलो तांबं म्हणून स्टॉकमध्ये आलं होतं.