आजारपणात वाढणारी शुगर

आजारपणात वाढणारी शुगर म्हणजे ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा मोठा मानसिक धक्का यांमुळे, खाणं कमी झालेलं असतानाही, रक्तातली साखर चढणे. डॉक्टर याला स्ट्रेस हायपरग्लायसेमिया म्हणतात. डायबेटिस असलेल्यांमध्ये हे खूप दिसतं, पण कधीच डायबेटिस नव्हता अशा माणसालाही दवाखान्यात ॲडमिट असताना होऊ शकतं. आपल्याकडे तापात लंघन करायची जुनी सवय, त्यामुळे "पोटात काही नाही मग शुगर वाढली कुठून" हा प्रश्न घरोघरी पडतो.

उत्तर लिव्हरमध्ये आहे. अख्ख्या रक्तात एका वेळी साखर असते फक्त 4-5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि उपाशी माणसाचं लिव्हर तासाला साधारण 7 ग्रॅम साखर रक्तात सोडत असतं, कारण मेंदूला सतत ग्लुकोज लागतो. आधी साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मोडून आणि ते संपत आलं की स्नायूंमधल्या प्रोटीनपासून नवी साखर तयार करून. म्हणजे दर तासाला रक्तातल्या एकूण साखरेपेक्षा जास्त माल आत येतो आणि तेवढाच खर्चही होतो म्हणून आकडा जागेवर राहतो, दोन्हीपैकी एक बाजू जरा जरी बिघडली तरी फरक लगेच दिसतो.

तापात दोन्ही बाजू बिघडतात. शरीराला वाटतं संकट आलंय, मग ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि लिव्हरला साखर सोडायला लावतात. दुसरीकडे कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन आणि जंतूंशी लढताना पेशी जी सायटोकाइन्स सोडतात ती, हे सगळे मिळून इन्सुलिनचं काम अडवतात, त्यामुळे स्नायू साखर नीट उचलत नाहीत आणि लिव्हरही इन्सुलिनचा "आता पुरे" हा निरोप ऐकत नाही. निरोगी माणसाचं पॅनक्रियाज जास्त इन्सुलिन सोडून बहुतेक वेळा भागवून घेतं, डायबेटिसवाल्याकडे ती शिल्लक नसते.

एक उदाहरण घेऊ. 60 किलो वजनाची मावशी, टाइप 2 डायबेटिस, रात्री 16 युनिट लांब चालणारं इन्सुलिन, सकाळची उपाशीपोटी शुगर एरवी 130. लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप 102 वर गेला, दिवसभरात पोटात गेली दोन वाट्या पेज, आणि "खाल्लंच नाही तर शुगर एकदम खाली जाईल" म्हणून रात्रीचं इन्सुलिनही घेतलं नाही. सकाळी शुगर 268. हिशोब बघा, लिव्हरचं काम दीडपट झालं तर 24 तासांत सुमारे 85 ग्रॅम जादा साखर आली, पेजेतून आली असेल 30-40 ग्रॅम, आणि हे सगळं अडवणारं जे थोडंफार इन्सुलिन होतं तेच बंद केलं. पेजेला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढचा घोटाळा पाण्याचा. शुगर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीतून जाते आणि सोबत पाणी नेते, त्यात ताप आणि उलटी, म्हणजे अंग कोरडं पडतं आणि शुगर अजून चढते. टाइप 1 मध्ये इन्सुलिन बंद केलं तर चरबी मोडून कीटोन्स नावाची आम्लं तयार होतात आणि रक्तात साचतात. मळमळ, पोटात दुखणं, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, तोंडाला गोडसर वास, हे दिसलं की घरी बसायचं नाही. रक्तातले कीटोन्स 1.5 mmol/L च्या वर गेले तर धोका आहे, 3 म्हणजे सरळ हॉस्पिटल. लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर शुगर 200 च्या आत असूनही हे होऊ शकतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

म्हणून टाइप 1 मध्ये लांब चालणारं इन्सुलिन आजारपणात कधीच पूर्ण बंद करत नाहीत, टाइप 2 मध्येही डॉक्टरांना न विचारता करायचं नाही, आणि दर 3-4 तासांनी शुगर बघतात. गोळ्यांचं मात्र वेगळं आहे: उलट्या होऊन पाणी कमी पडत असेल तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन डॉक्टर तात्पुरत्या थांबवतात, आणि पॅनक्रियाजला इन्सुलिन सोडायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी न जेवता घेतली तर उलट शुगर पडू शकते. म्हणजे "तापात शुगर वाढतेच" हेही डोळे झाकून धरायचं नाही.

औषध म्हणून दिलेली कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइडही तेच करतात. कोविडमध्ये श्वासासाठी डेक्सामेथासोन दिलं गेलं, अनेकांची शुगर भडकली, आणि 2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे पेशंट आले त्यात वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली.

डायबेटिस नसलेल्याची शुगर दवाखान्यात वाढली तर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा HbA1c बघतात. तो 6.5 किंवा वर असेल तर आजार आधीपासूनच होता, नुसता कळला नव्हता. कमी असेल तर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी परत तपासतात. आणि आपल्या मावशीचं काय झालं? इन्फेक्शनचं औषध सुरू झालं, डॉक्टरांनी इन्सुलिन 20 युनिट केलं, पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सकाळची शुगर 78 आली, मग डोस परत 16 वर.