कारण रोखणं आणि दोष पकडणं: पीएफएमईए शीटमधले दोन रकाने

पीएफएमईए म्हणजे उत्पादन प्रक्रियेत काय चुकू शकतं आणि ते कसं रोखायचं याची आधीच केलेली मांडणी. नव्या असेंब्ली लाइनची पीएफएमईए शीट उघडली की मधोमध दोन रकाने शेजारी शेजारी दिसतात. एक प्रिव्हेन्शन कंट्रोलचा, दुसरा डिटेक्शन कंट्रोलचा. पहिल्यावरून ऑकरन्सचं, म्हणजे कारण किती वेळा घडेल याचं रेटिंग ठरतं, दुसऱ्यावरून डिटेक्शनचं, म्हणजे कारण किंवा दोष कितपत पकडला जाईल याचं. दोन्ही रेटिंग १ ते १०, आकडा जितका कमी तितकं चांगलं. इतकं सरळ असूनही मी पाहिलेल्या बहुतेक शीटमध्ये सगळ्यात मोठी गफलत इथेच झालेली असते. तपासणी वाढवायची आणि ऑकरन्स कमी करायचा. शीट सुंदर दिसते, लाइनवर मात्र दोष पूर्वीइतकेच तयार होत राहतात.

एकच ओळ घेऊन बघू. इंजिनाच्या कूलंट पंपाची असेंब्ली आहे. स्टेशन ३० वर ऑपरेटर हाउसिंगच्या खाचेत हाताने ओ-रिंग बसवतो, त्यावर कव्हर दाबतो आणि चार बोल्ट आवळतो. स्टेशन ६० वर लीक टेस्ट होते: पंपात हवेचा दाब भरायचा, तो स्थिरावू द्यायचा आणि ठरलेल्या वेळात किती उतरतो ते मोजायचं.

फेल्युअर मोड: ओ-रिंग कव्हरखाली चिमटून कापली जाते. परिणाम: चालत्या गाडीत कूलंट गळतो, इंजिन तापतं, गाडी बंद पडते. म्हणून सिव्हिरिटी, म्हणजे परिणामाची तीव्रता, ८. कारण: हाताने ताणून बसवताना रिंगेला पीळ पडतो आणि ती एका बाजूला खाचेतून वर राहते. प्रिव्हेन्शनच्या रकान्यात कार्यसूचना आणि ऑपरेटरचं प्रशिक्षण. दोन्ही गोष्टी माणसाच्या सवयीवर अवलंबून, म्हणून ऑकरन्स ६. डिटेक्शनच्या रकान्यात लीक टेस्ट: आपोआप होते, पुढच्या स्टेशनवर होते, नापास पंप पुढे जाऊ देत नाही, म्हणून डिटेक्शन ४.

इथे बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, "आपण शंभर टक्के लीक टेस्ट करतो, एकही खराब पंप बाहेर जात नाही, मग ऑकरन्स ६ कशाला? २ करा." बोलणारा खोटं बोलत नसतो. पण तो सांगतोय ग्राहकाकडे किती पोचतील ते, आणि रकाना विचारतोय स्टेशन ३० वर कारण किती वेळा घडेल ते. लीक टेस्टचं श्रेय डिटेक्शनच्या ४ मध्ये एकदा दिलेलं आहे. तेच ऑकरन्समध्ये पुन्हा दिलं, तर एकाच टेस्टची दोनदा मोजणी होते.

कुठलं कंट्रोल कुठल्या रकान्यात जाईल हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: हे कंट्रोल आठवडाभर बंद ठेवलं, तर कारण घडण्याची संख्या वाढेल का? लीक टेस्ट बंद ठेवली तरी रिंगा पूर्वीइतक्याच वेळा वर राहतील, फक्त आपल्याला कळणार नाही. म्हणजे ती डिटेक्शन. कार्यसूचना काढून घेतली तर रिंगा जास्त वेळा वर राहतील. म्हणजे ती प्रिव्हेन्शन, कितीही दुबळी असली तरी.

या प्रश्नाचा खरा उपयोग पोका-योकेच्या, म्हणजे चूक होऊ न देणाऱ्या किंवा झाली की लगेच काम थांबवणाऱ्या साधनांच्या, बाबतीत होतो. पोका-योके म्हटलं की आपण डोळे मिटून प्रिव्हेन्शनमध्ये लिहितो. समजा स्टेशन ३० वर कॅमेरा बसवला. रिंग वर राहिलेली दिसली की प्रेस खाली येतच नाही. रिंग कापली जाण्याआधीच काम थांबलं, म्हणजे दोष रोखला ना? दोष रोखला, पण कारण नाही. रिंग वर राहिली होतीच. कॅमेरा बंद ठेवला तरी ती तितक्याच वेळा वर राहील. म्हणून कॅमेरा डिटेक्शनच्या रकान्यात जातो. तिथे त्याला भरपूर मान मिळतो: कारण पकडून दोष तयारच होऊ न देणाऱ्या, खात्रीशीर ठरलेल्या पद्धतीला डिटेक्शन २ देता येतं. ऑकरन्स मात्र ६ वरच राहतो.

याउलट, रिंग बोटांनी बसवण्याऐवजी सगळ्या बाजूंनी एकदम दाबणारा पुशर दिला आणि रिंगेलाच खाचेत धरून ठेवणारे बारीक उंचवटे घेतले, तर रिंगेला पीळ पडण्याची आणि ती वर राहण्याची शक्यताच घटते. हे प्रिव्हेन्शन. ऑकरन्स ३ हे लक्ष्य ठेवायला हरकत नाही.

आता दोन्ही उपाय शीटवर मांडू.

| स्थिती | सिव्हिरिटी | ऑकरन्स | डिटेक्शन | आरपीएन | एपी |
|---|---|---|---|---|---|
| आजची | ८ | ६ | ४ | १९२ | हाय |
| फक्त कॅमेरा | ८ | ६ | २ | ९६ | हाय |
| फक्त पुशर आणि नवी रिंग | ८ | ३ | ४ | ९६ | लो |

आरपीएन म्हणजे तिन्ही आकड्यांचा गुणाकार. त्याच्या नजरेत दोन्ही उपाय सारखेच, ९६. एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र काढलेल्या हँडबुकने आरपीएन बाजूला ठेवून अॅक्शन प्रायॉरिटी, म्हणजे एपी, आणली. ती गुणाकार करत नाही. आधी सिव्हिरिटी बघते, मग ऑकरन्स, शेवटी डिटेक्शन, आणि तक्त्यातून हाय, मीडियम किंवा लो असं उत्तर देते. सिव्हिरिटी ८ आणि ऑकरन्स ६ असेल तर डिटेक्शन ४ वरून २ वर आणून हाय हटत नाही. ऑकरन्स ३ वर आला की डिटेक्शन ४ असतानाही लो येतं. म्हणजे दोन रकान्यांतली गफलत आरपीएनमध्ये झाकली जाते, एपीमध्ये उघडी पडते. (सिव्हिरिटीचं ८ या दोन्ही उपायांनी हलत नाही. ते हलवायचं तर डिझाइन बदलून परिणामच सौम्य करावा लागतो.)

हाय आलं म्हणजे लाइन सुरूच करता येत नाही, असं नाही. हाय असेल तर टीमने सुधारणेची कृती ठरवलीच पाहिजे, नाहीतर सध्याची कंट्रोल पुरेशी का आहेत हे कारणासह लिहून ठेवलं पाहिजे. आणि "ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण देणे" ही कृती मला या ओळीत कधीच मान्य होत नाही, कारण ऑकरन्स ६ आला तोच मुळी प्रशिक्षणावर विसंबल्यामुळे.

डिटेक्शनच्या ४ बद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. ते ४ लीक टेस्टला मशीन आहे म्हणून मिळत नाही, ती पद्धत हा दोष पकडते हे सिद्ध झालं तरच मिळतं. एका नव्या लाइनवर आम्ही हे करून पाहिलं. पाच रिंगांना ब्लेडने छोटी चीर दिली, नेहमीसारखं ग्रीस लावलं आणि पंप जोडून लीक टेस्टला लावले. दोन नापास झाले, तीन हिरवा दिवा घेऊन बाहेर आले. ग्रीसने चीर भरली होती आणि थंड पंपातल्या हवेच्या दाबाला तेवढं पुरलं. गरम कूलंट आणि इंजिनाची थरथर सुरू झाल्यावर ते किती टिकलं असतं? त्या दिवशी आमच्या शीटवरचं ४ खोडून ७ लिहिलं. मशीनने होणारी, पण खात्री न पटलेली तपासणी, एवढीच तिची लायकी उरली होती.

हेच वरच्या तक्त्याला लावून बघा. डिटेक्शन ७ झालं, तर पुशर आणि नवी रिंग घेऊनही त्या ओळीची एपी लो राहत नाही, मीडियम होते. म्हणून मुद्दाम खराब केलेले नमुने टेस्टवर चालवल्याशिवाय डिटेक्शनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नमुने खऱ्या दोषासारखे हवेत. रिंग अजिबात न घातलेला पंप नापास झाला, म्हणजे कापलेली रिंगही पकडली जाईल असं होत नाही.

राहिला ऑकरन्सचा पुरावा. प्रक्रिया नवी असल्याने जुना डेटा नसतो, म्हणून सुरुवातीला कंट्रोल किती भक्कम आहे त्यावरून आकडा ठरवतात. मग ट्रायल रन होते, पीपीएपीसाठी, म्हणजे उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी घेण्यासाठी, साधारणपणे सलग किमान ३०० नग, आणि एकही रिंग वर राहिली नाही म्हणून कोणीतरी ऑकरन्स २ वर आणायला सांगतं. हिशेब असा: ३०० मध्ये शून्य दोष मिळाले, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की खरा दर सुमारे १ टक्क्याहून जास्त नसावा. १ टक्का म्हणजे हजारी १०, आणि हजारी प्रमाणाच्या रूढ तक्त्यात त्याला ७ मिळतात. ३०० नगांनी पुशर बिघडलेला नाही एवढं सिद्ध झालं, ऑकरन्स २ नाही.

इथे कॅमेरा पुन्हा कामाला येतो. पुशर बसवल्यावरही तो काढू नका आणि त्याने किती वेळा प्रेस अडवली ते रोज नोंदवा. प्रत्येक अडवणूक म्हणजे कारण एकदा घडलं. डिटेक्शनसाठी बसवलेलं साधन असं ऑकरन्सचं मोजमाप देतं, आणि तेही लीक टेस्टच्या नापास पंपांपेक्षा खरं, कारण लीक टेस्टमधून सुटलेले यात मोजले जातात. फक्त एक पथ्य: कॅमेऱ्याने अडवल्यावर ऑपरेटर रिंग बोटाने दाबून पुन्हा बटण दाबत असेल, तर तीही नोंद आधी झाली पाहिजे.

समजा पहिल्या १०,००० पंपांत कॅमेऱ्याने एकदाच अडवलं. हे प्रमाण हजारी ०.१ झालं, त्याच तक्त्यात ४. कृती पूर्ण झाल्याची तारीख, पुशरच्या ट्रायलचा अहवाल आणि कॅमेऱ्याची नोंद पुराव्यादाखल जोडायची आणि मगच सुधारित रेटिंगचे रकाने भरायचे: सिव्हिरिटी ८, ऑकरन्स ४, डिटेक्शन २. आरपीएन ६४ पर्यंत उतरला, पण एपी मीडियम. ठरवलेलं लक्ष्य ऑकरन्स ३ होतं आणि त्याला लाखात एक इतकं प्रमाण लागतं. तेवढे पंप होईपर्यंत ती ओळ मीडियम म्हणूनच उघडी ठेवायची आणि ती एक अडवणूक कशामुळे झाली, पुशरचा रबर झिजला होता की रिंगांची बॅच वेगळी होती, हे शोधायला जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहायची.