मूत्रपिंडाभोवतीची काळी कड: एमआरआयमध्ये चरबीचा पत्ता का चुकतो

पोटाच्या एमआरआयमध्ये कधी कधी मूत्रपिंडाच्या एका बाजूला काळी कड दिसते आणि समोरच्या बाजूला पांढरी. शरीरात अशी कड नसते. ती कुठून आली हे पाहिलं की हे यंत्र कसं चालतं तेही कळतं.

पाण्यातल्या हायड्रोजनचा प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याच्या स्पिनचा, म्हणजे अंगभूत गिरकीचा, अक्ष कलत्या भोवऱ्यासारखा क्षेत्राभोवती फिरू लागतो. या फिरण्याला परांचन म्हणतात. त्याची वारंवारता क्षेत्रावर ठरते: दर टेस्लाला 42.58 मेगाहर्ट्झ. म्हणजे 1.5 टेस्लाच्या यंत्रात सुमारे 63.87 मेगाहर्ट्झ. नेमक्या याच वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडल्या तर प्रोटॉन ऊर्जा घेतात आणि स्पिन उलटू शकतो. फार वेगळ्या वारंवारतेला ते दाद देत नाहीत. क्षेत्राच्या दिशेचे आणि विरुद्ध दिशेचे प्रोटॉन जवळजवळ सारखेच असतात, दहा लाखांमागे क्षेत्राच्या दिशेचे पाचेकच जास्त. संदेश मिळतो तो या पाचांच्या जोरावर. पण पेशींत पाणी इतकं असतं की तेवढे पुरतात. या जास्तीच्या प्रोटॉनचं एकत्रित चुंबकत्व लहरींमुळे क्षेत्राला आडवं होतं; लहरी थांबल्यावर ते फिरत राहतं आणि शेजारच्या कॉइलमध्ये बारीक विद्युतदाब निर्माण करतं.

हा संदेश शरीरातल्या कोणत्या जागेचा, हे ओळखण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये मांडली: क्षेत्र एका टोकाकडे किंचित वाढवत न्यायचं, म्हणजे प्रत्येक जागेची वारंवारता वेगळी होते. समजा, संदेश वाचताना हा उतार मीटरला 2 मिलिटेस्ला आहे. मग एक सेंटिमीटर सरकलं की वारंवारता सुमारे 850 हर्ट्झनी बदलते. संगणकासाठी वारंवारता हाच पत्ता.

घोळ इथेच होतो. चरबीतल्या हायड्रोजनभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला क्षेत्रापासून पाण्यातल्यापेक्षा थोडं अधिक झाकतात, म्हणून 1.5 टेस्लाला त्याची वारंवारता सुमारे 224 हर्ट्झनी कमी भरते. यंत्र हा फरक जागेचाच समजतं आणि चरबी सुमारे 2.6 मिलिमीटर बाजूला नेऊन रंगवतं. मूत्रपिंड चरबीत रुतलेलं असतं. एका बाजूची चरबी त्याच्यापासून दूर सरकते, तिथे काळी फट पडते. दुसऱ्या बाजूची त्याच्यावर चढते, तिथे पांढरी कड उमटते.

शंका आली तर वारंवारता वाचायची दिशा बदलून पुन्हा चित्र घ्यावं. कड नव्या दिशेच्या बाजूंना गेली तर ती खोटी. उतार आणि बँडविड्थ, म्हणजे वाचल्या जाणाऱ्या वारंवारतांचा पट्टा, दुप्पट केली तर सरकणं निम्मं होतं, मात्र संदेश गोंगाटाच्या तुलनेत तीसेक टक्के कमी होतो. दुसरा मार्ग म्हणजे पाण्याच्या वारंवारतेच्या 224 हर्ट्झ खाली लहर सोडून चरबीचा संदेश आधीच दाबणं. जवळ धातूचा स्क्रू असेल तर तिथलं क्षेत्रच बिघडलेलं असतं; मग ती लहर चरबीला चुकते आणि कधी पाण्यालाच दाबून बसते.