सळईवरची अक्षरं: सहा की नऊ?

बांधकाम अर्धवट असलेली किंवा वर आणखी एक मजला चढवायची सोय ठेवलेली इमारत विकत घेताना गच्चीवर कॉलममधून बाहेर आलेल्या सळ्या दिसतात. अशा व्यवहारात उघड्यावर दिसणारं पोलाद बहुधा तेवढंच. त्यांचे फोटो सगळेच काढतात, पण त्या फोटोतून सळईचा दर्जा आणि कारखाना वाचता येतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सळईच्या अंगावर आडव्या-तिरप्या उंचवट्यांची नक्षी असते. या उंचवट्यांना रिब म्हणतात, आणि काँक्रीटला सळई घट्ट धरून ठेवता यावी म्हणून त्या असतात. रोलिंग मिलमध्ये शेवटच्या टप्प्यात लालबुंद सळई दोन रोलच्या खाचांमधून जाते. रिबचे साचे या खाचांतच कोरलेले असतात, आणि कारखान्याचं चिन्ह, जाडी, दर्जाही तिथेच उलट्या अक्षरांत कोरलेला असतो. रोलचा एक फेरा झाला की एकदा खूण उमटते. म्हणजे खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतचं अंतर साधारण रोलच्या परिघाएवढं. रोलचा व्यास ३५ सेंटिमीटर धरला तर ते साधारण १.१ मीटर येतं. कॉलममधून सळई फुटभरच बाहेर असेल, तर तिच्यावर खूण न सापडणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून पोलाद बोगस ठरत नाही. शेजारच्या सळ्या बघाव्यात, त्यातल्या एखादीवर खूण नेमकी उघड्या भागात आलेली असते. शिवाय खूण बऱ्याचदा सळईच्या एकाच बाजूला असते, म्हणून सगळीकडून फिरून पाहावं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सळई अमेरिकन मानकाची आहे. हे मानक इथे मुद्दाम निवडलं, कारण त्यात क्रम ठरलेला असतो: आधी कारखान्याचं अक्षर किंवा चिन्ह, मग जाडीचा आकडा, मग पोलादाचा प्रकार, शेवटी दर्जा. फोटोत मात्र खालीलप्रमाणे दिसतंय:

```
09
S
9
H
```

वाचणारा पटकन म्हणेल, नऊ नंबरची सळई. पण शून्याने सुरू होणारं कारखान्याचं नाव जरा विचित्र वाटतं, आणि दर्जाच्या जागी 'एच' बसत नाही. फोटो उलटा फिरवून पाहू:

```
H
6
S
60
```

आता सगळं जागेवर बसलं. 'एच' हे कारखान्याचं अक्षर (मी नमुन्यादाखल घेतलेलं), सहा ही जाडी, 'एस' म्हणजे साधं कार्बन पोलाद, साठ हा दर्जा. गंमत अशी की 'एच', 'एस' आणि शून्य उलटे केले तरी तसेच दिसतात, आणि सहाचा नऊ होतो. त्यामुळे एकेका अक्षरावरून दिशा कळत नाही, क्रमावरूनच कळते.

तरीही क्रमावर विसंबून राहू नये, मोजमापाने खात्री करावी. या पद्धतीत जाडीचा आकडा इंचाच्या आठव्या भागांत असतो. सहा म्हणजे सहा-अष्टमांश इंच, १९ मिलिमीटर. नऊ म्हणजे जवळपास २९ मिलिमीटर. फोटो काढताना सळईला लागून पट्टी धरलेली असली, तर १९ आणि २९ मधला फरक उघड दिसतो. १६ आणि १८ मधला मात्र फोटोत ओळखता येत नाही, कारण रिबच्या माथ्यावरून मोजलं तर माप जास्त येतं आणि रिबच्या मधल्या जागेत मोजलं तर कमी. सळईचा अधिकृत व्यास प्रत्यक्षात वजनावरून ठरतो: तेवढ्याच वजनाची गुळगुळीत सळई असती, तर तिची जी जाडी झाली असती ती.

दर्जाचा साठ म्हणजे ६०,००० पाउंड प्रति चौरस इंच, आपल्या ओळखीच्या एककांत ४२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एवढ्या ताणापर्यंत सळई ताणली तर सोडल्यावर पूर्ववत होते, त्यापलीकडे कायमची लांबते. सहा नंबरच्या सळईचं क्षेत्रफळ २८४ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला तर साधारण १२ टनांचा ओढ सोसायची तिची हमी आहे. भारतीय आयएस १७८६ मानकाच्या सळईवर ५०० दिसतं तेव्हा तो आकडा थेट न्यूटनमध्ये असतो, म्हणून ६० आणि ५०० शेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ. ५०० च्या पुढे 'डी' असेल, तर ती सळई तुटण्याआधी जास्त लांबते: लांबीत किमान १६ टक्के वाढ, नुसत्या ५०० ला १२ टक्के.

अमेरिकन सळईवर साठऐवजी कधी कधी फक्त एक जास्तीची बारीक उभी रेघ असते, आणि दर्जाची काहीच खूण नसेल तर ती ४० दर्जाची, म्हणजे बरीच कमकुवत. इथे फोटो दगा देतो. रेघ गंजाखाली असेल किंवा चौकटीबाहेर राहिली असेल, तर चांगली सळई कागदावर हलकी ठरते. फोटोत न दिसणं आणि मुळात नसणं यांत फरक करावाच लागतो.

युरोपीय सळईवर तर अक्षरंच नसू शकतात. तिथे खूण म्हणून काही रिब जाड केलेल्या असतात, आणि त्यांच्या मधल्या साध्या रिब मोजायच्या. पहिल्या टप्प्यातली संख्या देशगट सांगते (ब्रिटन आणि आयर्लंड पाच), पुढची संख्या कारखाना.

फोटो असा काढावा: सळई तारेच्या ब्रशने पुसून घ्यावी, हातोडी लावू नये. सपाट धरलेला खडू हलकेच फिरवला की उठावाच्या माथ्यावरच पांढरं उमटतं. प्रकाश समोरून नको, एका बाजूने तिरपा हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सावली पडते. मात्र प्रकाश खालून आला, तर उठावाची अक्षरं खोलगट भासतात, जशी चंद्राच्या फोटोतली विवरं कधी टेकड्या वाटतात. म्हणून प्रकाशाची दिशा बदलून दोन-तीन फोटो घ्यावेत, आणि एक लांबून, सळई कुठल्या कॉलमची ते कळेल असा.

मग खूण स्पष्ट वाचता आली की काम झालं? नाही. अक्षरं रोलमध्ये कोरलेली असतात, पोलादात नाही. त्याच रोलमधून कोणत्याही पोलादाचं बिलेट, म्हणजे सळई ज्यातून ओढतात तो ठोकळा, गेलं तरी साठच उमटणार. खूण म्हणजे कारखान्याचा दावा. तो तपासायचा तर विक्रेत्याकडे मिलचं चाचणी प्रमाणपत्र मागावं. त्यावर वितळणीचा क्रमांक, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या पोलादाची खेप ओळखायचा आकडा, असतो. तो सळईवर नसतो, गठ्ठ्याला बांधलेल्या पत्र्यावर असतो, आणि तो पत्रा बांधकामात केव्हाच कचऱ्यात जातो. प्रमाणपत्रावरचा कारखाना आणि फोटोतलं अक्षर जुळत नसेल, तर प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं आहे.

कडकपणा मोजणारं हातातलं यंत्र सळईला लावून दर्जा सांगणारेही भेटतात. टीएमटी सळईच्या बाबतीत हे फसवं आहे. ती गरम असतानाच पाण्याच्या झोताने झटकन थंड करतात, त्यामुळे बाहेरचं कडं आतल्या गाभ्यापेक्षा कडक होतं, आणि यंत्र कड्याचाच आकडा दाखवतं. काँक्रीटच्या आत सळई शोधणारं यंत्रही जागा आणि अंदाजे जाडी सांगतं, दर्जा नाही. शंका खरीच असेल तर संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली उघड्या सळईचा तुकडा कापून प्रयोगशाळेत ओढून पाहावा लागतो, आणि तोही एका कॉलमपुरताच खरा: खालच्या मजल्याचं पोलाद दुसऱ्याच खेपेत, दुसऱ्याच कारखान्यातून आलेलं असू शकतं.