पेपरची जाहिरात वाचून दाखवणं आणि रेडिओ स्पॉट लिहिणं

फर्निचरच्या दुकानाचा दिवाळी सेल आला की पेपरातल्या जाहिरातीचा मजकूर तसाच रेडिओसाठी पाठवला जातो. मागे सनई, पुढे निवेदकाची घाई. कागदावर तो स्पॉटसारखाच दिसतो, पण पेपर वाचणारा हवं तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षात बसलेल्याला ती सोय नाही.

पेपरात सोफा, बेड, डायनिंग टेबल, चार किमती आणि दोन फोन नंबर आरामात मावतात. तेच 30 सेकंदांत कोंबलं की शंभरेक शब्द होतात आणि कानात एकही राहत नाही. आवाजांना जागा हवी असेल तर बोललेले शब्द पन्नासच्या आसपास ठेवा. वस्तू एकच घ्या, उदाहरणार्थ सोफा:

(पाहुण्यांची गडबड, कपबश्या)
वहिनी: भाऊजी, सोफ्यावर त्या टोकाला नका बसू, पाय हलतो!
भाऊजी: असू दे हो वहिनी…
(कर्रर्र… कर्रर्र… धाड!)
(एक सेकंद पूर्ण शांतता)
वहिनी: अहो! चला, सोफा आणायला!
निवेदक: दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत, प्रत्येक सोफ्यावर वीस टक्के सूट. (दुकानाचं नाव). सिंहगड रोड, राजाराम पुलाजवळ. (दुकानाचं नाव), राजाराम पुलाजवळ.

इथे ‘सोफा’ हा शब्द आवाजाच्या आधी येतो, आणि तो तिथेच हवा. नुसती कर्रर्र ऐकवली तर कुणाला दार वाटेल, कुणाला झोपाळा. आवाज कशाचा हे आधीच्या वाक्यानं सांगितलं की मोडणारा सोफा ऐकणारा स्वतःच डोळ्यासमोर आणतो. ‘धाड’नंतरची शांतता मात्र एडिटिंगमध्ये हमखास कापली जाते, कारण ती वाया गेलेली वेळ वाटते. ती गेली की वहिनींचं वाक्य धाडच्या घुमण्यात बुडतं आणि विनोदही जातो. स्क्रिप्टमध्ये तिचे सेकंद लिहूनच ठेवा.

फोन नंबरऐवजी पूल दोनदा घेतलाय. दहा आकडे चालत्या गाडीत कुणी लिहून घेत नाही, पुलाजवळचं दुकान लक्षात राहतं. ‘अटी लागू’ म्हणणं भाग असेल तर त्याचेही सेकंद आधीच धरा, नाहीतर शेवटी पत्ताच घाईत उरकला जातो.

हातातली स्क्रिप्ट यातली कुठली, हे ओळखायला कंसातले सगळे आवाज खोडून पाहा. काहीच बिघडलं नाही तर ती पेपरचीच जाहिरात आहे. वरच्या स्क्रिप्टमधून धाड काढली तर वहिनी एकदम सोफा आणायला का निघाल्या, तेच कळत नाही.

रेकॉर्डिंग झाल्यावर ते स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर पास करू नका. मोबाईलवर, पंखा चालू ठेवून, स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला एकदाच ऐकवा. काय विकतायत, कधीपर्यंत, कुठे, एवढंच विचारा. ‘कधीपर्यंत’ला तो अडला तर सनई अजून कमी करा किंवा तारखेच्या वाक्याखालून काढूनच टाका.