पावती एपीआय : पहिली आवृत्ती 15 डिसेंबर 2026 रोजी बंद होत आहे

आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून आमच्याकडे पावत्या पाठवणाऱ्या सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, पावती एपीआयची पहिली आवृत्ती (`/v1`) मंगळवार, दि. 15 डिसेंबर 2026 रोजी सकाळी 11 वाजता कायमची बंद होईल. ज्यांच्या सॉफ्टवेअरमधील एपीआयच्या पत्त्यात `/v2` आहे, त्यांना काहीही करावयाचे नाही. इतरांनी हे पत्रक आपल्या डेव्हलपरकडे द्यावे. दिवाळीच्या गर्दीत कोणाच्याही दुकानातील बिलिंगला हात लावावा लागू नये आणि मार्चअखेरीपूर्वी सर्व स्थिरस्थावर व्हावे, म्हणून ही तारीख निवडली आहे. ती पुढे ढकलली जाणार नाही.

1 सप्टेंबरपासून `/v1` साठी नवीन एपीआय की मिळणार नाही. त्याच दिवसापासून `/v1` च्या प्रत्येक उत्तरात पुढील हेडर येईल. त्यातील वेळ ग्रीनिच प्रमाणवेळ आहे, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे 11.

```
Sunset: Tue, 15 Dec 2026 05:30:00 GMT
```

नवीन आवृत्तीत तीन गोष्टी बदलतात. पहिला बदल सोपा आहे: की आता पत्त्यात न लिहिता हेडरमध्ये पाठवायची आहे, कारण पत्त्यातील की वाटेतल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडी पडते. जुनी की `/v2` ला चालत नाही. नवीन की आपल्या खात्यातील ‘एपीआय की’ या पानावर तयार करावी.

```
POST /v2/receipts
Authorization: Bearer <key>
Content-Type: application/json

{"bill_no": "A-117", "amount_paise": 1999,
 "paid_at": "2026-10-01T00:20:00+05:30"}
```

दुसरा बदल रकमेचा असून सर्वाधिक चुका येथेच होण्याचा संभव आहे. पूर्वी `amount` मध्ये 19.99 असे रुपये पाठवले जात. आता `amount_paise` मध्ये 1999 असे पूर्णांकी पैसे पाठवायचे आहेत. रुपयांना 100 ने गुणले की काम झाले, असे वाटते. परंतु जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये 19.99 गुणिले 100 याचे उत्तर 1998.9999999999998 येते, आणि त्याचा अपूर्णांक नुसता कापून टाकला तर 1998 उरतात. एका पैशाचा हा फरक पावतीवर कोणाच्या नजरेस येत नाही, मात्र दिवसाचा हिशेब जुळत नाही आणि कारणही सापडत नाही. म्हणून गुणाकारानंतर रक्कम जवळच्या पूर्णांकात आणावी. मुळातच पैशांत साठवता आली तर अधिक चांगले. अपूर्णांकी रक्कम किंवा जुने `amount` हे नाव आल्यास `/v2` पावती न स्वीकारता 422 हे उत्तर देईल. एक चूक मात्र आम्हाला पकडता येणार नाही: नाव बदलले आणि आकडा रुपयांतच राहिला, तर 250 रुपयांची पावती अडीच रुपयांची होईल. चाचणीच्या कीने 250 रुपयांचे एक बिल करून छापलेली पावती डोळ्यांनी पाहावी, हाच यावर खात्रीचा उपाय आहे.

तिसरा बदल वेळेचा. `/v1` आलेली वेळ भारतीय समजून जशीच्या तशी नोंदवीत असे, पण अनेकांचे सॉफ्टवेअर ज्या क्लाउड सर्व्हरवर चालते त्याचे घड्याळ साडेपाच तास मागे असते. औषधाच्या दुकानात 1 ऑक्टोबरच्या रात्री 12 वाजून 20 मिनिटांनी फाडलेली पावती अशा वेळी 30 सप्टेंबरच्या 18:50 ची ठरते आणि जीएसटीच्या हिशेबात मागल्या महिन्यात जाते. पहाटे साडेपाचपूर्वी ज्यांची विक्री होते, त्यांनी हे अवश्य तपासावे. `/v2` मध्ये वेळेच्या शेवटी `+05:30` किंवा `Z` असणे बंधनकारक आहे. मात्र घड्याळ मागे असताना शेवटी नुसते `+05:30` चिकटवल्यास जुनीच चूक कायम राहील. आधीच्या पावत्या `/v2` मधूनही त्याच क्रमांकांनी दिसतील, पण त्यांवरील वेळा आम्ही दुरुस्त केलेल्या नाहीत.

15 डिसेंबरपर्यंत दोन्ही आवृत्त्या एकाच खतावणीत नोंद करतील. त्यामुळे अनेक शाखा असलेल्यांनी एकेक शाखा `/v2` वर न्यावी, पण पडताळणीसाठी म्हणून एकच पावती दोन्हीकडे पाठवू नये. ती दोनदा जमा होईल.

कोणते सॉफ्टवेअर राहून गेले आहे हे वेळीच कळावे, यासाठी `/v1` दोनदा तात्पुरती बंद ठेवली जाईल: मंगळवार, 17 नोव्हेंबरला सकाळी 11 ते 11:30 आणि मंगळवार, 1 डिसेंबरला सकाळी 11 ते दुपारी 1. या काळात 15 डिसेंबरनंतर मिळणारेच 410 हे उत्तर मिळेल. आपले सॉफ्टवेअर 410 आल्यावर पावती रांगेत ठेवते की टाकून देते, हे त्या वेळी पाहावे. टाकून देत असेल, तर त्या अवधीतील बिले नंतर हाताने भरावी लागतील.

अडचण आल्यास खात्यातील ‘मदत’ या पानावरून, पाठवलेली विनंती आणि आलेले उत्तर जोडून, पण की खोडून, आम्हाला कळवावे. `/v1` चे पत्ते 31 मार्च 2027 पर्यंत 410 देत राहतील. त्यानंतर तेही काढून टाकले जातील.