आंतरचिन्ह व्यतिकरण

बेसबँड दत्त-प्रेषणात एका चिन्हाच्या स्पंदाची शेपटी शेजारच्या चिन्हाच्या वेळेत घुसते आणि तिथे वाचली जाणारी किंमत बिघडवते. या दोषाला आंतरचिन्ह व्यतिकरण किंवा ‘आयएसआय’ म्हणतात. गोंगाट जसा प्रेषणशक्ती वाढवून दबतो तसा हा दबत नाही, कारण स्पंदाबरोबर त्याची शेपटीही तेवढीच वाढते.

समुद्राखालच्या लांब तारायंत्र केबलींत हा त्रास एकोणिसाव्या शतकातच जाणवला होता. त्यावरील निकषाचे श्रेय हॅरी नायक्विस्ट यांना दिले जाते. वर्षाबाबत मात्र एकवाक्यता नाही. काहीजण त्यांच्या १९२४ च्या लेखाकडे बोट दाखवतात. त्यात स्पंदाच्या आकाराचा विचार आहे हे खरे. पण विकृतिरहित प्रेषणाच्या अटींची पद्धतशीर मांडणी १९२८ च्या लेखात आढळते, म्हणून तेच वर्ष धरणे अधिक योग्य वाटते. (नमुने घेण्याच्या प्रमेयालाही नायक्विस्ट यांचे नाव जोडलेले असल्याने विद्यार्थ्यांची गल्लत होते.)

निकष असा: चिन्हांतील अंतर T असेल, तर स्पंद p(t) इतर सर्व वाचनक्षणी शून्य हवा.

p(nT) = 0, n ≠ 0

स्पंद पसरला तरी चालेल, फक्त वाचनाच्या क्षणी त्याने आड येऊ नये. सेकंदाला २४०० चिन्हे पाठवायची असल्यास यासाठी किमान १२०० हर्ट्झ पट्टरुंदी लागते. पण तेवढ्याच रुंदीत बसणारा, sin x / x या रूपाचा सिंक स्पंद १/t या गतीने, फार सावकाश विरतो. वाचनाचा क्षण T च्या दहाव्या भागाने चुकला, तर नुसत्या दोन लगतच्या चिन्हांचा उपद्रव प्रतिकूल जुळणीत शिखराच्या सुमारे २० टक्के होतो. दूरच्या चिन्हांची भर पडत राहते ती वेगळीच, आणि तत्त्वतः त्या बेरजेला मर्यादा नाही.

रेझ्ड कोसाइन आकारात वर्णपटाची कडा तुटक न ठेवता कोसाइन वक्राने उतरवतात. नाव वर्णपटावरून आले आहे, स्पंदाच्या रूपावरून नव्हे. उताराचा गुणांक α = ०.५ घेतल्यास वरील उदाहरणात वर्णपट ६०० हर्ट्झपर्यंत सपाट राहतो, १२०० ला निम्मा होतो आणि १८०० ला संपतो. १२०० च्या अलीकडे जेवढे कमी होते तेवढेच पलीकडे भरून निघते. या समतोलामुळे शून्ये जागच्या जागी राहतात, आणि शेपटी १/t³ प्रमाणे विरते. वेळेच्या त्याच चुकीला लगतच्या दोन चिन्हांचा उपद्रव आता सुमारे १६ टक्के होतो, तर α = १ असता सुमारे ७. त्याची किंमत म्हणजे दुप्पट, २४०० हर्ट्झ पट्टरुंदी.

प्रत्यक्षात हा आकार प्रेषक आणि ग्राहक यांच्यात वाटून देतात. प्रत्येकाकडे या वर्णपटाच्या वर्गमुळाचा फिल्टर असतो. म्हणून प्रेषकाच्या तोंडाशीच ऑसिलोस्कोप लावून आय पॅटर्न, म्हणजे अनेक चिन्हांचे तरंग एकावर एक पडून होणारे डोळ्यासारखे चित्र, पाहिला तर डोळा पुरता उघडलेला दिसत नाही, आणि नवखा माणूस फिल्टर चुकला असे समजतो. डोळा ग्राहकाच्या फिल्टरनंतर पाहायचा असतो. तिथेही तो मिटलेला असेल आणि वाचनक्षण सरकवूनही उघडत नसेल, तर दोष बहुधा मधल्या तारेचा असतो. तिची विकृती या आकाराने दूर होत नाही. त्यासाठी इक्वलायझर लागतो.